शब्दचर्चा : सीटीसी, प्रोबेशन, नोटिस पिरियड यांचा ऑफर लेटरमधला नेमका अर्थ

दारव्ह्याचा भाऊ
माझी धाकटी बहीण यंदा बी.कॉम. झाली. नागपूरच्या एका कंपनीत हिशेब विभागात तिची निवड झाली आणि काल ईमेलवर ऑफर लेटर आलं. पहिल्याच पानावर 'सीटीसी वार्षिक रु. ३,६०,०००' असं आहे. बाबांनी बाराने भागलं आणि महिन्याचे तीस हजार धरून वसतिगृहाचं भाडं, तिचा खर्च आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता असा सगळा हिशेब मांडला. शेवटच्या पानावरच्या तक्त्यात मात्र हातात तीस हजार पडतील असं कुठंच दिसत नाही. शिवाय प्रोबेशन सहा महिने आहे आणि नोटिस पिरियड एका कलमात १५ दिवस, दुसऱ्यात ९० दिवस आहे. शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायचं आहे. या तीन शब्दांचा अर्थ कुणी नीट सांगेल का?

आर्णीचे काका
सीटीसी म्हंजे कंपनीले तुमच्यावर जो खर्च येते तो. पगार नाही तो. माह्या पुतण्याले बी तीस सांगतलं होतं, हाती बावीस आले. बाकी आठ हजार कंपनीनं कापून घेतले. पीएफच्या नावानं जे जाते ते गेलंच समजा. आन नोटिस पिरियड त सरकारी नियमानं तीन महिन्याचाच रायते, त्यात काही बदल होत नाही.

निवृत्त गुरुजी, पुसद
प्रोबेशन म्हणजे परिवीक्षा काळ. आमच्या शिक्षण सेवकांना तीन वर्षं मानधनावर काम करावं लागतं, प्राथमिकला सध्या सोळा हजार. त्यानंतर पूर्ण वेतनश्रेणी मिळते. म्हणजे तुमच्या बहिणीलाही पहिले सहा महिने मानधन आणि मग तीन लाख साठ हजार, असाच अर्थ असावा. तक्त्यात कमी आकडा दिसतो तो यामुळेच.

हिशेबनीस, अमरावती
गुरुजी, शिक्षण सेवकाची पद्धत इथं लागू होत नाही. खाजगी कंपनीत प्रोबेशनमध्येही बहुतेक ठिकाणी ठरलेला पगारच मिळतो, फरक असतो तो नोकरीच्या अटींत. त्याकडे नंतर येऊ. भाऊ, तो तक्ता इथं उतरवून टाका. तक्ता पाहिल्याशिवाय सीटीसीचा अर्थ लावता येत नाही, कारण प्रत्येक कंपनी त्यात वेगळ्या गोष्टी घालते.

दारव्ह्याचा भाऊ
महिन्याचे आकडे असे आहेत : बेसिक १५,०००. घरभाडे भत्ता ६,०००. स्पेशल अलाउन्स ३,०००. व्हेरिएबल पे ३,०००. कंपनीचा पीएफ १,८००. ग्रॅच्युइटी ७२१. गटविमा ४७९. बेरीज बरोबर ३०,००० येते.

हिशेबनीस, अमरावती
आता सरळ झालं. दर महिन्याला पगार म्हणून निघणाऱ्या रकमा पहिल्या तीनच आहेत. पंधरा, सहा आणि तीन मिळून चोवीस हजार. याला ग्रॉस म्हणतात. उरलेले सहा हजार कंपनीच्या खर्चात धरलेले आहेत, पण दरमहा खात्यात येणार नाहीत.

ग्रॉसमधून बहिणीचा स्वतःचा पीएफ कापला जाईल, बेसिकच्या बारा टक्के म्हणजे १,८००. हातात आले २२,२००. एवढ्या पगारावर आयकर लागत नाही. बाबांना हा आकडा सांगा आणि हप्ता यावरच बसवा.

आर्णीचे काका
आन व्यवसाय कराचे दोनशे? पुतण्याचे त दर महिन्याले जातात, फेब्रुवारीत तीनशे.

हिशेबनीस, अमरावती
पुतण्याचे जातात ते बरोबर आहे. महाराष्ट्रात दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाला तेवढाच लागतो, वर्षाचे २,५००. पण महिलांना एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही. ताईंचा ग्रॉस चोवीस आहे, म्हणून त्यांचे दोनशे जाऊ नयेत. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत कापलेले दिसले तर लगेच विचारायचं.

पांढरकवड्याची तलाठीण
शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगायचं तर सीटीसी हे सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र आहे. त्यात पोटखराबाही मोजलेला असतो. पेरणी होते ती लागवडीयोग्य क्षेत्रावर, आणि ते म्हणजे हातात येणारा पगार.

हिशेबनीस, अमरावती
ताई, बाबांना हे पटकन समजेल. फक्त पीएफला पोटखराब समजू नये, कारण काकांनी वर 'गेलंच समजा' लिहिलं आहे आणि तिथंच पोरांचं नुकसान होतं. भाऊंच्या बहिणीचे १,८०० आणि कंपनीचे १,८०० असे महिन्याला ३,६०० तिच्याच नावाने जमा होतात. कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात, बाकीचे पीएफ खात्यात व्याजासह वाढतात. यूएएन नंबर एकदाच मिळतो आणि नोकरी बदलली तरी तोच राहतो. पैसे गेले असं वाटतं त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : आधार, पॅन आणि बँक खात्यावर नाव किंवा जन्मतारीख वेगवेगळी असते आणि केवायसी अडकतं. रुजू होण्याआधीच तिन्ही ठिकाणचं नाव एकसारखं करून घ्या.

ग्रॅच्युइटीचे ७२१ मात्र वेगळ्या जातीचे आहेत. कायम नोकरीत पाच वर्षं सलग झाली तरच ती रक्कम मिळते. तीन वर्षांत सोडली तर काही नाही. विम्याचे ४७९ हप्त्यात जातात, ते रोख कधीच मिळत नाहीत. आणि व्हेरिएबलचे ३,००० म्हणजे वर्षाचे ३६,०००, त्याबद्दल पत्रात काय लिहिलं आहे ते शब्द न बदलता टाका.

दारव्ह्याचा भाऊ
'कंपनीच्या आणि कर्मचाऱ्याच्या कामगिरीनुसार, व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार देय' एवढंच आहे.

हिशेबनीस, अमरावती
म्हणजे ते मिळेलच असं धरता येत नाही. कधी देणार, वर्षातून एकदा की तिमाहीला, आणि देण्याच्या दिवशी नोकरीत असणं गरजेचं आहे का, हे तीन प्रश्न विचारा.

हिंगण्याची पेरोलवाली
मी एका कंपनीत पगार काढण्याचंच काम करते. सीटीसीवर इथं चांगलं लिहिलं गेलं आहे, पण मला खरी काळजी त्या १५ आणि ९० दिवसांची वाटते. लोक हे दोन आकडे वेगवेगळे वाचतात. प्रत्यक्षात दोन्हींना जोडणारं वाक्य तिसऱ्याच कलमात असतं. प्रोबेशनच्या कलमात 'कन्फर्मेशन' हा शब्द शोधा आणि ते वाक्य इथं टाका.

दारव्ह्याचा भाऊ
सापडलं. 'प्रोबेशन सहा महिने राहील व ते वाढवण्याचा अधिकार कंपनीस राहील. लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत कर्मचारी प्रोबेशनवर समजला जाईल.' आणि नोटिस : प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंनी १५ दिवस, कन्फर्मेशननंतर दोन्ही बाजूंनी ९० दिवस 'किंवा त्याऐवजी वेतन'.

हिंगण्याची पेरोलवाली
हे वाक्य दुधारी आहे. सहा महिने संपले म्हणून बहीण आपोआप कायम होत नाही. पत्र हातात येईपर्यंत कंपनी तिला १५ दिवसांच्या नोटिशीवर काढू शकते. पण तिलाही १५ दिवसांत सोडता येतं.

समजा ती १ जुलैला रुजू झाली. ३१ डिसेंबरला सहा महिने झाले, पत्र आलं नाही. फेब्रुवारीत तिला यवतमाळला बँकेत नोकरी लागली आणि तिथं महिन्याभरात हजर व्हायचं आहे. कंपनी म्हणाली, तुमचे सहा महिने झाले, आता ९० दिवस थांबा. या पत्राप्रमाणे तसं म्हणता येणार नाही, कारण लेखी कन्फर्मेशन झालेलंच नाही. आमच्याकडे एका मुलीला हेच सांगितलं गेलं होतं. तिने ते कलम ईमेलमध्ये चिकटवून पाठवलं आणि १५ दिवसांत सुटका झाली.

कन्फर्मेशन झाल्यावर चित्र बदलतं. तीस दिवस काम करून निघाली तर साठ दिवस कमी पडतात, आणि 'त्याऐवजी वेतन' म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे तिने द्यायचे. ते वेतन बेसिकवर धरलं तर ३०,०००, ग्रॉसवर धरलं तर ४८,०००. पत्रात नुसतं 'वेतन' आहे. अठरा हजारांचा फरक त्या एका शब्दात आहे, म्हणून आत्ताच लिहून घ्या.

आर्णीचे काका
म्हंजे तीन महिने सरकारी नियम नाही?

हिंगण्याची पेरोलवाली
नाही काका. हा कंपनी आणि कर्मचारी यांच्यातला करार आहे. कुठे ३० दिवस, कुठे ६०, आयटीत बऱ्याच ठिकाणी ९०. कारखान्यातल्या कामगारांना स्थायी आदेशांचे नियम असतात, ते वेगळे.

निवृत्त गुरुजी, पुसद
माझा गैरसमज दूर झाला. पण एक शंका आहे. लेखी कन्फर्मेशनचं वाक्यच नसेल, नुसतं 'प्रोबेशन सहा महिने' एवढंच असेल तर?

हिंगण्याची पेरोलवाली
तिथं वाद होतो, गुरुजी. माझ्या मते सातव्या महिन्याचा पगार वाढवून दिला, कायम कर्मचाऱ्याची रजा लागू केली, तर कंपनीनेच तिला कायम मानलं असा अर्थ निघतो.

हिशेबनीस, अमरावती
मला हे पटत नाही. नुसत्या पगारवाढीवरून कन्फर्मेशन झालं असं धरू नये, पत्राच्या बाकीच्या शब्दांवरही ते अवलंबून राहील. अशा वेळी सहा महिने पूर्ण झाल्याच्या आठवड्यातच ईमेल करून लेखी उत्तर मागावं.

पांढरकवड्याची तलाठीण
मूळ गुणपत्रिका ठेवून घेतात का तेही पाहा. आमच्या गावच्या एका मुलाची मूळ टीसी कंपनीने ठेवून घेतली आणि सोडताना तीन महिने फिरवलं. झेरॉक्स द्यावी, मूळ कागद दाखवून परत घ्यावेत.

दारव्ह्याचा भाऊ
बहिणीने आज कंपनीला चार ओळींचा ईमेल केला : व्हेरिएबल कधी आणि कोणत्या अटीवर, 'वेतन' म्हणजे बेसिक की ग्रॉस, प्रोबेशन जास्तीत जास्त किती वाढू शकतं, आणि मूळ कागदपत्रं जमा करावी लागतील का.

संध्याकाळी उत्तर आलं. व्हेरिएबल वर्षातून एकदा एप्रिलमध्ये, आणि ३१ मार्चला नोकरीत असेल त्यालाच. वेतन म्हणजे ग्रॉस. मूळ कागद लागणार नाहीत. प्रोबेशन किती वाढू शकतं याचं उत्तर दिलेलं नाही. बाबांनी हप्त्याचा हिशेब २२,२०० वर बसवला, त्यात थोडी ओढाताण होते आहे.

हिंगण्याची पेरोलवाली
वेतन ग्रॉस धरतात म्हणजे साठ दिवसांचे ४८,०००, हे लक्षात ठेवा. ते उत्तर पत्रासोबत छापून ठेवा. प्रोबेशनचा प्रश्न उद्या सकाळी पुन्हा एकट्याचा पाठवा, चार प्रश्नांत तो हरवला असेल. त्यांनी 'आणखी तीन महिने' असं काही लिहून दिलं तर चांगलंच. नाही दिलं तरी सही करायला माझी हरकत नाही, कारण तोवर तिचीही नोटीस पंधराच दिवसांची आहे.