मदत हवी आहे: कपड्यांच्या लेबलवरचा मजकूर आणि धुण्याच्या खुणा शब्दांत कशा उतरवायच्या?

रेवती_सातारा
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ दृष्टिहीन आहे. नोकरीमुळे तो पुण्यात एकटा राहतो आणि कपडे स्वतःच धुतो. फोनवर टॉकबॅक वापरतो. त्याच्या प्रत्येक कपड्याचं लेबल टाइप करून फोनमध्ये एकेक नोंद ठेवून द्यायची, असं आम्ही ठरवलंय. साध्या शर्टांचं झालं. अडलंय ते एका जॅकेटपाशी. मामेभावाने जर्मनीहून आणलंय. लेबल म्हणजे डाव्या शिवणीत अडकवलेली छोट्या पानांची चळतच आहे. कापडाच्या घटकांचा आकडा एकदाच छापलाय आणि त्यापुढे तिरप्या रेघा देत वेगवेगळ्या भाषांतले शब्द सलग. टॉकबॅक हे वाचतो तेव्हा नुसता गोंधळ ऐकू येतो. शिवाय पाच खुणा आहेत. त्यांचं चित्र सांगायचं की अर्थ? आणि भाषा वेगळ्या करताना मूळ मजकूर बदलला तर चालेल का?

मुसाफिर
लेबल टोचत असेल तर सरळ कापून टाका. मी सगळ्याच टी-शर्टांची कापतो. शिवण उसवायच्या छोट्या आकड्याने टाके काढले की कापडाला भोक पडत नाही.

रेवती_सातारा
टोचत नाहीये हो, वाचून लिहून ठेवायचंय.

बाबा_इचलकरंजी
खुणा सोप्या आहेत. टबाखाली रेघ असली की हलक्या हाताने धुवायचं, म्हणजे मशीनचा नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम. त्रिकोण म्हणजे ब्लीच. चौकोनात वर्तुळ म्हणजे वॉशिंग मशीन, त्यावर फुली असेल तर हातानेच धुवा.

तिरुपूर_रिटर्न
बाबा, रेघेचं आणि त्रिकोणाचं बरोबर, पण चौकोनात वर्तुळ हे मशीनचं चित्र नाही. ते गरम हवेच्या ड्रायरचं. त्यावर फुली म्हणजे ड्रायरमध्ये घालू नका, एवढंच. मशीनमध्ये धुता येतं का हे फक्त टब सांगतो. टबात हात असेल तर हाताने धुवायचं, टबावर फुली असेल तर घरी पाण्यात धुवायचंच नाही. ही गल्लत फार होते, कारण समोरून दार असलेलं मशीन तसंच दिसतं.

रेवती, मी बरीच वर्षं निर्यातीच्या कपड्यांची लेबलं तपासली आहेत. आधी फोटोचं सांगतो. सॅटिनच्या पांढऱ्या पट्टीवर मागच्या बाजूची छपाई पुढे दिसते आणि अक्षरं एकमेकांत मिसळतात. पानाच्या मागे काळा कागद सरकव, उजेड बाजूने येऊ दे, फ्लॅश नको. प्रत्येक पानाची पुढची आणि मागची बाजू वेगळी घे आणि पानांना क्रमांक दे. वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपतं, तेव्हा हे कामी येतं.

आता खुणा. आताच्या युरोपी लेबलवर त्या ठरलेल्या क्रमाने येतात: धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री, ड्रायक्लीन. जुन्या लेबलवर क्रम वेगळा सापडतो, म्हणून डावीकडून जसं दिसतं तसंच लिही. आधी दिसतं ते, मग अर्थ. "टब, आत 30, खाली एक आडवी रेघ. अर्थ: जास्तीत जास्त 30 अंशांचं पाणी, हलकी धुलाई." दोन रेघा असतील तर त्याहून नाजूक. एक की दोन हे पुसट असेल तर "रेघ आहे, किती ते दिसत नाही" असं लिही. अंदाज केलास तर भावाला तो अंदाज आहे हे कळणार नाही.

टिंबांकडेही लक्ष दे. इस्त्रीतलं एक टिंब म्हणजे सगळ्यात कमी उष्णता, तीन म्हणजे सगळ्यात जास्त. पण अमेरिकन लेबलवर टबातही टिंबं असतात आणि ती पाण्याचं तापमान सांगतात: एक म्हणजे 30 अंश, दोन म्हणजे 40. म्हणून नुसतं "दोन टिंबं" लिहू नकोस, कुठल्या चित्रात ते लिही.

ओंकार_श्राव्य
मी स्वतः स्क्रीन रीडर वापरतो. काकांचं बाकी सगळं मान्य, पण क्रम उलटा हवा. धुताना फोन कोरड्या जागी ठेवून मी एकच ओळ ऐकतो. ती "त्रिकोण, त्यावर फुली" अशी सुरू झाली तर शेवटपर्यंत थांबावं लागतं. "ब्लीच नको" हे आधी यावं, चित्र नंतर.

तिरुपूर_रिटर्न
पण अर्थ आधी लिहायची सवय लागली की लिहिणारा चित्र नीट पाहतच नाही. बाबांनी आत्ता तेच केलं.

ओंकार_श्राव्य
मग पाहताना चित्र आधी, ऐकवताना अर्थ आधी. शेवटी भावालाच विचारा.

नेहा_टंकलेखन
भाषांचं मी सांगते, माझं रोजचं कामच मजकूर उतरवून काढायचं आहे. ताई, मूळ मजकूर बदलू नका, पण दोन भाग करा. पहिल्यात जसं छापलंय तसं. दुसऱ्यात प्रत्येक भाषेची वेगळी ओळ, तिच्यात आकडा पुन्हा लिहून. तुमच्या लेबलच्या पहिल्या पानावर भाषांच्या खुणा एका ओळीत असतील, त्याच क्रमाने पुढचे शब्द येतात. असं:

```
जसं छापलंय:
GB/DE/FR/ES
65% polyester/Polyester/polyester/poliéster
35% cotton/Baumwolle/coton/algodón

वेगळं केलेलं:
GB: 65% polyester, 35% cotton
DE: 65% Polyester, 35% Baumwolle
FR: 65% polyester, 35% coton
ES: 65% poliéster, 35% algodón
```

तिरप्या रेघांमधले शब्द आधी मोजा. खुणा चार आणि शब्द तीनच असतील, तर दोन भाषांत सारखा असलेला शब्द एकदाच छापलेला असतो. तेव्हा नुसत्या क्रमाने वाटप केलं तर पुढचा प्रत्येक शब्द एक घर सरकतो आणि स्पॅनिश शब्द फ्रेंचच्या ओळीत जातो. खात्री नसेल तर ती ओळ वेगळी करूच नका, जशी छापली तशी ठेवा. चेक आणि स्लोव्हाक या दोन्हींत कापसाला 'बावल्ना' असंच लिहितात, तिथे खुणेशिवाय नुसत्या शब्दावरून भाषा ओळखता येत नाही. आणि `CZ` छापलं असेल तर `CZ`च ठेवा, स्वतःहून दुसरी खूण घालू नका.

आकड्यांची पडताळणी सोपी आहे. बाहेरचं कापड, अस्तर आणि आतलं भरण यांची बेरीज वेगवेगळी 100 यायला हवी. पुसट 6 आणि 8 मधला गोंधळ तिथे लगेच सापडतो. मात्र बेरजेवरून काढलेला आकडा असेल तर शेजारी "बेरजेवरून" असं नोंदवा.

रेवती_सातारा
खूप आभार. मोजून पाहिलं. बाहेरच्या कापडाच्या ओळीत शब्द पुरे आहेत, अस्तराच्या ओळीत खुणांपेक्षा कमी भरतात, म्हणून ती तशीच ठेवली. शेवटच्या पानावर काही वाक्यं आहेत ज्यांना खूणच नाही, म्हणजे "सारख्या रंगाच्या कपड्यांबरोबर धुवा" वगैरे. ती इंग्रजीत एकदा असली तर बाकी भाषांतली लिहायची का?

ओंकार_श्राव्य
साध्या नोंदीत भाषेची खूण नसते, त्यामुळे मराठी आवाज जर्मन वाक्यही मराठीसारखंच वाचतो. रोजच्या नोंदीत खुणांचे अर्थ आणि ते वाक्य मराठीत ठेवा. बाकी भाषा खाली, प्रत्येकीच्या आधी "जर्मन", "फ्रेंच" असं देवनागरीत लिहून आणि मध्ये रिकामी ओळ सोडून. म्हणजे परिच्छेदावरून परिच्छेदावर उडी मारता येते.

तिरुपूर_रिटर्न
बाकीच्या भाषाही एकदा नजरेखालून घाल. इंग्रजीतली ओळ पानाच्या कडेला कापली गेली असेल तर तीच सूचना जर्मनमध्ये पूर्ण मिळते. जॅकेटच्या ड्रायक्लीनच्या वर्तुळात कुठलं अक्षर आहे ते सांग. `P` की `F`?

रेवती_सातारा
`P`सारखं दिसतंय, पण उभ्या रेघेचा खालचा भाग शिवणीत गेलाय. उद्या दुपारच्या उजेडात पुन्हा फोटो काढते.