हलती पात्रं: रिफिट पुरतं की दर फ्रेमला रिबिल्ड?

चक्रधर: रिफिट हा जुना जुगाड आहे. आताच्या जीपीयूवर हलणाऱ्या पात्राचा बीव्हीएच, म्हणजे किरण कुठे लागतो ते पटकन शोधायला त्रिकोणांभोवती रचलेलं पेट्यांचं झाड, दर फ्रेमला नव्यानेच बांधावा, विषय संपला.

शलाका: विषय संपला कसा? गर्दीत साठ पात्रं आहेत आणि हातात 16.6 मिलिसेकंद. साठही बीएलएएस, म्हणजे एकेका पात्राची झाडं, नव्याने बांधली तर किरण सोडायला वेळ उरतो किती? रिफिटमध्ये झाडाची रचना तीच राहते, फक्त पेट्या खालून वर पुन्हा मोजल्या जातात. चालणाऱ्या, मान वळवणाऱ्या पात्राला तेवढं पुरतं.

चक्रधर: आमचं नाचणारं पात्र रिफिटवर ठेवलं होतं. हात पसरले की फ्रेमरेट कोसळायचा.

शलाका: झाड कोणत्या पोजमध्ये बांधलं होतं?

चक्रधर: पहिल्या फ्रेमला. नमस्काराची पोज.

शलाका: मग दोष रिफिटचा नाही. हात जोडलेले असताना दोन्ही हातांच्या बोटांचे त्रिकोण एकाच पानात गेले. हात पसरले की त्या पानाची पेटी दीड मीटर लांब होते. छातीसमोरून जाणारे ढीगभर किरण तिच्यात शिरतात आणि काहीच न लागता बाहेर पडतात. चित्र बरोबर येतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. अपडेटचा वेळ तेवढाच राहतो, ट्रेसचा वाढतो. हात पसरलेल्या पोजमध्ये बांधून मग जोडा: पेट्या एकमेकींवर चढतील, पण अशा ताणल्या जाणार नाहीत.

मृण्मयी: पोजचं बोललात म्हणून सांगते. आमचे मॉडेलर हात अंगाला चिकटवूनच मॉडेल पाठवतात. सांगून सांगून थकले! आणि माझ्या गाड्यांना दर फ्रेमला रिफिट करते, तरी वेळ जातोच.

शलाका: गाडीचा आकार बदलत नाही ना? मग तिच्या बीएलएएसला हातच लावू नका. तिची जागा आणि दिशा सांगणारं इन्स्टन्सचं मॅट्रिक्स बदला आणि टीएलएएस, म्हणजे सगळ्या इन्स्टन्सचं वरचं झाड, नव्याने बांधा. तो छोटा असतो.

चक्रधर: म्हणजे टीएलएएस रिबिल्डच! आणि कापड फाटून त्रिकोणांची संख्या बदलली की रिफिटचा फ्लॅग `PERFORM_UPDATE` चालतच नाही. तिथे काय करणार?

शलाका: तिथे रिबिल्ड, वाद नाही. बाकीच्यांना पाळी लावा. दर फ्रेमला चार पात्रं नव्याने बांधायची, उरलेली रिफिट. पंधरा फ्रेममध्ये साठही ताजी होतात.

चक्रधर: नमस्काराचं पटलं, ठीक. पण पाव सेकंदात नाचणारी अख्खी गिरकी घेते, तोवर तिचं झाड बिघडलेलंच. तिला पाळीत उभी करणार नाही.

शलाका: मग तिला दर फ्रेमला बांधा. उरलेल्या एकोणसाठांना कशाला शिक्षा?

चक्रधर: कारण कोण कधी नाचेल हे गेममध्ये आधी कळत नाही.

मृण्मयी: कोणाचं झाड बिघडलं ते ओळखायला मुळाच्या पेटीचं नाही, आतल्या पेट्यांचं एकूण क्षेत्रफळ बांधतानाच्या क्षेत्रफळाशी ताडून बघायचं, फार वाढलं की बांधायचं. पण ड्रायव्हर आतल्या पेट्या दाखवतच नाही, हे माझं जुनं दुखणं.