‘सिरीयस आहेत, लवकर या’: ही दया की फसवणूक?

निवासी डॉक्टर, सातारा

मृत्यूची बातमी नातेवाइकांना थेट सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी ‘प्रकृती गंभीर आहे’ म्हणावे, मग ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणावे आणि घरातला जबाबदार पुरुष माणूस आल्यावरच खरे सांगावे. लोकांना धक्का सोसत नाही आणि आपल्याला मार सोसत नाही. यात गैर काय?

कृष्णाकाठ

मिरजेत २६ वर्षे अतिदक्षता विभागात काम केल्यावर हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. रुग्ण दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी वारला आणि मुलाला ५ वाजता सांगितले, तरी कागदावर ३ वाजून १० मिनिटेच लिहावी लागतात. तो कागद मुलाच्या हाती पडतो तेव्हा तो हिशेब करतो, की मधले जवळजवळ दोन तास माझ्या वडिलांचे आत काय चालले होते? ‘मेल्यावरही व्हेंटिलेटर लावून ठेवतात’ हा संशय मी ज्या ज्या घरांत पाहिला, त्यांतल्या बहुतेकांना कोणी ना कोणी ‘प्रयत्न चालू आहेत’ असे सांगितलेले होते.

एक प्रसंग सांगतो. तासगाव तालुक्यातले ५८ वर्षांचे शेतकरी बागेत छाटणी करताना कोसळले. आणले तेव्हा हृदय बंद पडलेले होते. ४० मिनिटे छाती दाबून, औषधे देऊन प्रयत्न केले आणि अखेर थांबलो. बाहेर पत्नी आणि पुतण्या होते, मुलगा पुण्याहून निघाला होता. बाहेर जाण्याआधी मी केसपेपर आणि हातावरची पट्टी पुन्हा ताडून पाहिली, कारण त्या दिवशी एकाच आडनावाचे दोन रुग्ण आत होते. रक्ताचे डाग पडलेला ॲप्रन बदलला, मोबाइल सिस्टरांच्या सहकाऱ्याकडे दिला आणि सिस्टरांना सोबत घेऊन दोघांना शेजारच्या खोलीत नेले. सगळे बसल्यावर विचारले, “तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?” त्या म्हणाल्या, “हार्टचा झटका आलाय, इंजेक्शन दिलंय म्हणाले.” त्यांना कुठपर्यंत ठाऊक आहे, ते एवढ्यावरून कळले आणि तिथूनच पुढे बोलता आले.

मी म्हणालो, “ताई, मला तुम्हाला फार वाईट बातमी सांगायची आहे.” एक श्वास थांबलो. “अण्णांचं हृदय बंद पडलं होतं. ते सुरू करायचा आम्ही ४० मिनिटं प्रयत्न केला, पण ते सुरू झालं नाही. अण्णा वारले.” आणि मी गप्प बसलो. सर्वांत अवघड भाग हाच असतो. ती शांतता डॉक्टरलाच सोसत नाही, म्हणून तो गाठ, रक्तवाहिनी, ईसीजी असे काहीतरी बोलू लागतो आणि समोरच्याला त्यातले एक अक्षरही ऐकू येत नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी “म्हणजे?” असे विचारले. मी म्हणालो, “ते आता जिवंत नाहीत, ताई.” तेव्हा त्या रडल्या.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो जवळजवळ प्रत्येक घर विचारते. सकाळी अण्णांचा जबडा दुखत होता. तेव्हाच आणले असते तर? ‘काहीच फरक पडला नसता’ असे म्हणणे सोपे होते, पण ते खोटे ठरले असते. मी सांगितले, “लवकर आणलं असतं तर उपचाराला वेळ मिळाला असता, पण ते वाचलेच असते असं कोणी सांगू शकत नाही. जबडा दुखतो म्हणून कोणी हृदयाच्या डॉक्टरकडे धावत नाही. ही तुमची चूक नाही.”

आता शब्दांविषयी. इंग्रजीतले मार्गदर्शन सांगते की मृत्यूचा शब्द स्पष्ट उच्चारावा. ते योग्यच आहे, परंतु मराठीत वडीलधाऱ्या माणसाविषयी ‘मेले’ म्हणणे हा अपमान आहे. ‘एक्स्पायर झाले’ हे म्हाताऱ्या माणसांना कळत नाही. ‘गेले’ म्हटल्यावर एका आजींनी मला विचारले होते, “कुठं नेलं? कोल्हापूरला?” ‘पेशंट दगावला’ यात दगा शिरतो. ‘वारले’ किंवा ‘मृत्यू झाला’ हे मात्र जतपासून महाबळेश्वरापर्यंत सर्वांना समजते आणि त्यात मानही राहतो. तान्ह्या मुलाविषयी ‘वारले’ म्हणवत नाही. तिथे “बाळ गेलं, ते आता जिवंत नाही” अशी दोन्ही वाक्ये लागतात.

निवासी डॉक्टर, सातारा

आपला प्रसंग दुपारचा होता, समोर दोनच माणसे होती आणि खोली रिकामी होती. माझा प्रसंग रात्री २ वाजताचा होता. बाहेर तीसएक माणसे, सुरक्षारक्षक एक आणि डॉक्टर म्हणून मी एकटा. मी खरे सांगितले आणि पुढच्या पाच मिनिटांत दाराची काच फुटली, आमच्या वॉर्डबॉयच्या कपाळाला टाके पडले. ज्यांना २६ वर्षांत मार बसला नाही, त्यांनी आम्हाला धैर्य शिकवू नये.

विट्याचा वकील

डॉक्टरांनी घाबरण्याचे कारणच नाही. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. वैद्यकीय कर्मचाऱ्यावरील हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असून ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा थेट सांगा, लगेच सर्व नळ्या काढा, चेहरा स्वच्छ करा आणि घरच्यांना आत न्या. पाहिल्याशिवाय माणसाचा विश्वास बसत नाही.

कृष्णाकाठ

वकीलसाहेब, पाहू द्यावे हे शंभर टक्के खरे. सरसकट नळ्या काढाव्यात हे चूक. अपघात, विषप्राशन, भाजणे किंवा कोणताही संशयास्पद मृत्यू असेल तर शवविच्छेदन होईपर्यंत नळ्या जिथल्या तिथे ठेवाव्या लागतात. म्हणून दार उघडण्याआधी सांगायचे, की तोंडात नळी आहे, छातीवर दाबल्याच्या खुणा आहेत, हात गार लागेल, पण तुम्ही हात धरू शकता. अशा पोलिस प्रकरणात ‘शवविच्छेदन करू का?’ असे विचारूही नये. आपण विचारतो तेव्हा घरच्यांना वाटते की नकार देता येईल, आणि नंतर तोच नकार मोडला असे त्यांना वाटते. ‘कायद्याने ते करावेच लागेल, ते झाल्यावर अण्णा तुमच्या ताब्यात मिळतील’ एवढे सरळ सांगावे. आणि कृपा करून ‘बॉडी’ म्हणू नये.

निवासी डॉक्टर, मार मीही खाल्ला आहे, १९९९ साली, आणि तो खोटे सांगितल्यामुळे खाल्ला. ज्येष्ठांच्या आज्ञेवरून मी दीड तास ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणत राहिलो होतो. आपल्याकडे काच फुटली ती सत्यामुळे की तीस माणसांसमोर दारात उभे राहून सांगितल्यामुळे, याचा एकदा विचार करावा.

माणदेशी लेक

मी डॉक्टर नाही, मी त्या दाराबाहेरची आहे. वडिलांच्या वेळी आम्हा भावंडांना पुण्यात फोन आला, “सिरीयस आहेत, लवकर या.” भाऊ गाडी चालवत होता. खंबाटकी घाटात त्याने ज्या वेगाने वळणे घेतली, ती आठवली की आजही माझे हातपाय गार पडतात. पोहोचल्यावर कळले की फोन येण्याआधीच बाबा वारले होते. कोणासाठी एवढी घाई करायला लावली? तिथे आम्ही दोघेही दरीत गेलो असतो तर ती दया ठरली असती का?

आणि ‘जबाबदार पुरुष माणूस’ हे वाचून तर मला राग आवरत नाही. माझ्या आईने ३५ वर्षे त्या माणसाचा संसार केला. ती बाहेरच्या बाकावर बसून होती. चुलत भावांना चार तास आधीपासून ठाऊक होते, आणि ते तिला चहा पाजत होते. ती आजही विचारते, “मी चहा घेत होते तेव्हा ते होते का गं?” मी काय उत्तर देऊ?

फलटणचे आबा

लेकी, तुझे दुःख मोठे आहे, पण पिढ्यान्‌पिढ्यांची रीत वाईट म्हणू नकोस. आमच्याकडे घरातल्या बाईला एकटे असताना सांगत नाहीत. आधी शेजारणी गोळा होतात, माहेरचे माणूस येते, मग सांगतात. तिची शुद्ध हरपली तर धरायला कोणी असावे, हा त्यातला हेतू आहे. पुरुषांनी तिला फसवायचे ठरवलेले नसते.

माणदेशी लेक

आबा, शेजारीण आणून बसवा, माझी मुळीच हरकत नाही. पण शेजारणीला आधी कळते आणि बायकोला शेवटी, याला मी धरणे म्हणत नाही. माझ्या आईला कोणी आधी विचारले होते का, की तुला कधी सांगू?

निवासी डॉक्टर, सातारा

मग फोनवर काय सांगावे? एकट्याने गाडी चालवणाऱ्या मुलाला ‘वडील वारले’ असे ऐकवावे?

कृष्णाकाठ

आधी विचारावे, “तुम्ही गाडी चालवताय का? बाजूला घ्या. सोबत कोणी आहे?” सोबत कोणी असेल तर त्यांना फोन देण्याआधी मुलाशीच बोलावे. त्याने सरळ विचारले, ‘आहेत की नाही?’, तर खोटे बोलू नये. तासगावच्या त्या मुलाने शिरवळजवळ गाडी थांबवून विचारले होते. मी सांगितले आणि पुढे म्हणालो, “आता घाई करू नका, आम्ही त्यांच्याजवळ आहोत, तुम्ही येईपर्यंत थांबतो.” मित्राने गाडी चालवली, तो रात्री ८ वाजता पोहोचला. मात्र मुलाने विचारलेच नाही आणि तो एकटा असेल, तर मीही ‘प्रकृती अतिशय वाईट आहे, सोबत कोणाला तरी घेऊन या’ इथेच थांबलो आहे. ते बरोबर होते की नाही, यावर माझे मन अजून पक्के झालेले नाही.

विश्रामबाग

सर्व काही शब्दांचेच चालले आहे. माझ्या काकांच्या वेळी डॉक्टरांच्या पाठोपाठ बिलाचा माणूस आला आणि रात्रभर देह अडवून ठेवला. त्यावर कोणी का बोलत नाही?

विट्याचा वकील

त्यावर नियमच आहे. बिलासाठी देह अडवता येत नाही, असे २०२१ पासून महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत स्पष्ट लिहिले आहे. आणि नळ्यांच्या बाबतीत माझे विधान घाईचे होते, हे कबूल करतो.

जतची परिचारिका

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून निसटली. आमच्याकडे पूर्व भागातून येणाऱ्या कित्येक घरांत कन्नडच बोलतात. एकदा डॉक्टरांनी मराठीत सांगितले आणि शाळेत जाणाऱ्या ११ वर्षांच्या मुलीला म्हणाले, “आईला सांग.” आपले वडील वारल्याचे त्या मुलीने स्वतःच्या तोंडाने आईला सांगितले. मी ड्रेसिंग टाकून धावत गेले, पण तोपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून कन्नड येणारे कोण ड्यूटीवर आहे, ते मी दर पाळीला आधी विचारून ठेवते.

निवासी डॉक्टर, सातारा

गाडी थांबवायला सांगण्याचा मुद्दा मान्य. मुलीचा प्रसंग वाचून मलाही वाईट वाटले. परंतु तीस माणसे असताना कोणत्या खोलीत न्यायचे, हे आपण कोणीच सांगितले नाही.

कृष्णाकाठ

खोली नसेल तर ड्रेसिंगरूम, औषधांची खोली, काहीही चालेल. दोन खुर्च्या मावल्या पाहिजेत. बाहेर येऊन जमावाला विचारू नका. “यांच्या पत्नी कोण? मुलगा कोण?” असे सिस्टरांना विचारायला लावा, फक्त त्या दोघा-तिघांना आत घ्या, आणि दार तुमच्या पाठीशी राहील असे बसा. बाकीच्यांना घरचाच माणूस सांगेल. सुरक्षारक्षकाला आधी कल्पना द्या, पण त्याला खोलीत उभे करू नका.

निवासी डॉक्टर, सातारा

आमच्या औषधांच्या खोलीत दोन खुर्च्या मावतात, मी आत्ताच जाऊन पाहून आलो. पुरुष माणसाचा मुद्दा मला अजून पूर्ण पटलेला नाही, पण पत्नी समोर बसलेली असताना पुतण्याला बाजूला घेऊन आधी सांगणार नाही.