मदत हवी आहे: आजोबांची चादर हॉलमध्ये उठून दिसत नाही

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचा १० बाय १४ फुटांचा हॉल आहे. दारासमोरच्या भिंतीवर आजोबांनी स्वतः विणलेली लाल-काळी चादर लावलीय. पण सोफ्याचं तोंड डावीकडच्या टीव्हीकडे आणि उजवीकडे काचेचं शोकेस. आलेल्याची नजर तिन्हीकडे भिरभिरते, चादरीवर ठरतच नाही.

मला तीच मुख्य हवी आहे. शोकेस आतल्या खोलीत हलवतेय. सोफा चादरीखाली लावून पाहिला, पण चादर आडवी साडेसात फूट आणि सोफा सहा फूट. वरचा भाग जड दिसतो आणि सोफा खाली दबल्यासारखा वाटतो. वरची वस्तू सोफ्याच्या साधारण दोन-तृतीयांश रुंद असावी म्हणतात. उभी धरून मध्ये दुमडली तर रुंदी पाच फुटांवर येते, पण निम्मी नक्षी मागे जाते. जीव होत नाही.

दुसरा विचार असा, की चादर पूर्ण उघडी, तिच्याखाली फक्त लांब बुटका दिवाण आणि सोफा समोरून तिच्याकडे तोंड करून. मग टीव्ही कुठे? बाजूच्या भिंतीवर ठेवला तर बंद असतानाही तो काळा चौकोन नजर ओढेल का? कुणी असं केलं असेल तर फोटोसह सांगा ना.