ओळखलं का? – तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठ: येळवशीला औशाजवळ मामाच्या शेतात होतो. पंगतीत एका काकांनी पाठीवर थाप मारली, "लई दिवसांनी रे!" मला काही केल्या आठवेना. म्हणलं, "काका, तुम्ही मला चांगलं ओळखताव, पण मला ध्यानात येईना. सांगा बरं." ते हसले, "तुझ्या आत्याच्या लग्नात तुला खांद्यावर घेऊन फिरलोय!" मग अर्धा तास आत्याचंच लग्न.

आमचे वडील मात्र नुसतं हं हं करायचे. एकदा असाच एक जण स्टँडवरून थेट घरी जेवायला आला. आई विचारतेय कोण, वडिलांना सांगता येईना. तुम्ही काय करता?

सेलूच्या_बाई: सातवीत सोडलेलं पोरगं दाढीमिशा घेऊन पाया पडतं, कसं ओळखणार? मी लगेच विचारते, "बाळा, कोणत्या साली होतास? नाव सांग, मग आठवतंय बघ." हे सुरुवातीलाच विचारावं. दहा मिनिटं गप्पा मारून "तू कोण?" म्हणलं की त्याला आधीचं सगळं नाटक वाटतं.

लातूरकर७: सोपंय, नंबर मागायचा आणि "पूर्ण नाव काय टाकू?"

गोदाकाठ: आणि तो म्हणला, "सेव्ह आहे की तुमच्याकडं," तर?

लातूरकर७: 😂 मग आडनाव विचारा

सेलूच्या_बाई: आडनाव नको. आपल्याकडं जात विचारल्यागत वाटतंय. गाव विचारावं. आणि "घरचे कसे आहेत" हेही अंदाजानं नको. एकीला विचारलेलं ऐकलंय, तिचे मालक वारून महिनाही झाला नव्हता.

माजलगावची_मीरा: बहिणीला चेहरेच ओळखू येत नाहीत. सख्खी जाऊ बाजारात समोर आली तरी नाही, आवाज ऐकला की कळतं. प्रोसोपॅग्नोसिया म्हणाले डॉक्टर. ती आता आधीच सांगते, "मला चेहरे कळत नाहीत, नाव सांगत जा, राग मानू नका." गल्लीतल्या बाया लांबूनच नाव सांगत येतात.

बीडचा_बापू: रोज बदाम द्या भिजवून

माजलगावची_मीरा: विसरत नाही हो ती. नाव कळलं की तुमच्या लग्नातला मेनूसुद्धा सांगेल.

नांदेडी: कुकर लावलाय, पटकन लिहिते. फोनवर कुणी "ओळखलं का?" म्हणलं तर अंदाजानं नाव घेऊ नका. सासरे "बाळू का?" म्हणले, तो म्हणे "हो, बाळूच! दवाखान्यात आहे, पैसे पाठवा." सासूबाईंनी फोन घेऊन बापाचं नाव विचारलं, कट.

गोदाकाठ: पण खरा पाहुणा असला आणि रुसला तर?

नांदेडी: रुसू द्या. शिट्टी झाली, येते.

वसमतवाला: मला तर कुणी ओळखतच नाही, टक्कल पडल्यापासून. त्याला काय उपाय?

बीडचा_बापू: थांबा, तुम्ही कॉलेजात एनसीसीत होताव का?

वसमतवाला: ते आमचे धाकटे. तेही टकलेच.