हेलिकॉप्टर मनी खरंच फुकट असतं का?

अर्धविराम (धागाकर्ता)

क्यूईत मध्यवर्ती बँक नवा पैसा काढून सरकारी रोखे घेते. हेलिकॉप्टर मनीत तोच नवा पैसा थेट लोकांच्या खात्यात टाकते. दोन्हीकडे पैसा हवेतूनच येतो, मग पहिल्याला धोरण आणि दुसऱ्याला पाप का म्हणायचं? माझं मत असं की हेलिकॉप्टर जास्त प्रामाणिक आहे, कारण त्यात सरकारवर कर्ज चढतच नाही. विरोधी मतं हवी आहेत.

रोकडा सवाल

विरोध कसला, हे होऊनही गेलंय. २०२० साली अमेरिकेत माणशी १२०० डॉलरपर्यंतचे चेक गेले आणि त्याच काळात तिथल्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, सरकारचे ट्रेझरी रोखे भसाभस उचलले. म्हणजे डाव्या हाताने कर्ज काढलं, उजव्या हाताने विकत घेतलं. हेलिकॉप्टरच ते, फक्त पंख्यावर कापड टाकलेलं.

कीर्दखतावणी

परिणाम तसाच दिसला, पण नोंदी तशा पडल्या नाहीत, आणि या विषयात सगळं नोंदींतच आहे.

१०० चा व्यवहार घ्या. क्यूईत मध्यवर्ती बँकेच्या मालमत्तेत १०० चे रोखे येतात, देण्यांत व्यापारी बँकांच्या १०० च्या ठेवी. ज्याने रोखे विकले त्याच्याकडे रोख्यांऐवजी बँकेतली शिल्लक आली. तो श्रीमंत झाला नाही, त्याच्या संपत्तीचं रूप बदललं. (रोख्यांचे भाव चढतात, त्याचा फायदा होतो, तो भाग वेगळा.) हेलिकॉप्टरमध्ये देण्यांची बाजू अगदी तशीच, १०० च्या ठेवी. पण समोर मालमत्ता काहीच नाही. तेवढं भांडवल उणे होतं आणि लोकांची निव्वळ संपत्ती खरोखर १०० ने वाढते.

२०२० मध्ये ते रोखे फेडच्या कपाटात होते. म्हणून जून २०२२ पासून मुदत संपलेल्या रोख्यांपैकी काहींचे पैसे पुन्हा न गुंतवता ताळेबंद आकसवता आला. हेलिकॉप्टरने टाकलेला पैसा परत ओढायचा तर विकायला हातात काही नसतं.

लेखापाल_७

तीस वर्षं ताळेबंद तपासतोय, म्हणून बोलतो. मालमत्तेशिवाय १०० चं देणं म्हणजे भांडवल उणे, म्हणजे दिवाळं. अशा संस्थेच्या अहवालावर मी सही करणार नाही. सरकारकडून बिनव्याजी, बिनमुदतीचा एक रोखा घेऊन मालमत्तेत दाखवला तर निदान दोन्ही बाजू जुळतील.

कीर्दखतावणी

साहेब, तुमचा रोखा सुचवणारे बरेच आहेत. पण ज्यावर कधी व्याज नाही आणि मुद्दलही परत यायचं नाही, त्याची बाजारभावाने किंमत किती? शून्य. भोक तेवढंच राहिलं, वर गालिचा आला.

दिवाळ्याचं म्हणाल तर ज्या संस्थेचं देणं म्हणजेच देशाचं चलन, ती त्या चलनात पैसे द्यायला कधी अडत नाही. चेक मध्यवर्ती बँकेने कित्येक वर्षं उणे भांडवलावर काम केलं. फेडने तर तोटा ‘पुढे वळता करायची रक्कम’ म्हणून मांडला. तो आकडा २०० अब्ज डॉलरच्या वर गेला तरी व्यवहार थांबले नाहीत. तेवढी भरपाई होईपर्यंत सरकारला नफा जात नाही, इतकंच. त्यामुळे ताळेबंद जुळतो का हे मी विचारत नाही. त्या ठेवींवर व्याज कोण भरतं, हे विचारतो.

हप्तेबाज

विषय कर्जाचा आहे ना? मी गृहकर्ज फिक्स्डवरून फ्लोटिंगवर नेलं. दोन वर्षं मित्रांना शहाणपण शिकवलं. मग दर चढले, आणि हप्ता तोच ठेवून बँकेने मुदत इतकी लांबवली की कर्ज माझ्या निवृत्तीच्याही पुढे गेलं. सरकारलाही असं होतं का?

कीर्दखतावणी

हप्तेबाज, तुम्ही विषय चुकला नाहीत, गाभ्याला हात घातलात. क्यूई म्हणजे सरकारने स्वतःचं फिक्स्ड कर्ज फ्लोटिंग करून घेणं.

सरकार आणि मध्यवर्ती बँक एका घरचे धरा. वीस वर्षांचा ठरलेल्या व्याजाचा रोखा घरात परत आला. बाहेर देणं उरलं ते बँकांच्या ठेवींचं, आणि त्यावर धोरणदराने व्याज, जो उद्याही बदलू शकतो. ब्रिटनमध्ये हे उघड दिसतं, कारण तिथे नफा-तोटा दोन्ही सरकारच्या अंगावर, अशी हमी २००९ पासूनच आहे. खरेदी ८९५ अब्ज पौंडांपर्यंत गेली. दर ०.१ टक्का होता तोवर मजा होती, २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत सरकारी तिजोरीत सव्वाशे अब्जांच्या आसपास पौंड आले. मग दर चढत ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ वर गेला. एवढ्या रकमेवर दर एक टक्का वाढला की वर्षाला सुमारे नऊ अब्जांचा बोजा. पैशाचा प्रवाह उलटा फिरला, तिजोरीतून बँकेकडे.

आता धागाकर्त्याचं ‘कर्ज चढतच नाही’ तपासा. हेलिकॉप्टरच्या १०० ठेवींवरही तेच व्याज जातं, पण समोर रोख्याचं उत्पन्न नाही. मध्यवर्ती बँकेचा नफा तेवढा घटतो आणि सरकारला कमी मिळतं. म्हणजे सरकारने १०० चं फ्लोटिंग कर्ज काढलंच, फक्त मुदत नाही आणि अर्थसंकल्पात नाव नाही.

अर्धविराम

मग त्या ठेवींवर व्याज देऊच नका! अमेरिकेत २००८ च्या आधी कुठे देत होते?

कीर्दखतावणी

तेव्हा त्या ठेवी अगदी थोड्या असत. आता ढीग आहे. सगळ्यावर शून्य दिलं तर प्रत्येक बँक जादा पैसा दुसऱ्या बँकेला मिळेल त्या दराने द्यायला धावेल आणि एका रात्रीचा दर शून्याकडे घसरेल. महागाई वाढत असताना दर चढवायचा असेल तर मध्यवर्ती बँकेच्या हातात काही राहत नाही.

निवांत

सगळ्यावर कशाला? ठरावीक हिश्श्यावर शून्य आणि वरच्यावर धोरणदर द्या. एका रात्रीचा दर वरचा हिस्सा ठरवतो. युरोपियन सेंट्रल बँकेने सप्टेंबर २०२३ पासून सक्तीच्या राखीव ठेवींवर व्याज शून्य केलंय, आभाळ कोसळलं नाही.

कीर्दखतावणी

मान्य, चालतं. पण तो बँकांवरचा कर झाला, आणि बँका तो ठेवीदार-कर्जदारांवर ढकलणार. कर लावूनच पैसा उभा करायचा तर त्यावर संसदेत मतदान व्हावं. खरंच फुकट पैसा एकच, नोटा. त्यांवर व्याज नसतं. पण लोक खिशात ठेवतील तेवढ्याच नोटा बाहेर राहतात, उरलेल्या बँकेत येऊन पुन्हा ठेवीच होतात.

रोकडा सवाल

नोंदींचं पटलं, तरी एक कबूल करा. क्यूई ‘परत घेणार’ म्हणून सुरू होतं, पण ताळेबंद पूर्वपदावर यायचं नाव घेत नाही. मुदत संपली की नवे रोखे घेत राहिलं, तर तूट कायमची छापूनच भागवली ना? मग तुमच्या कपाटातल्या रोख्याला अर्थ काय?

कीर्दखतावणी

कायम घेत राहिले तर काही नाही, इथे तुम्ही बरोबर. म्हणूनच अर्थतज्ज्ञ फ्रीडमनने १९६९ मध्ये हेलिकॉप्टरचं उदाहरण दिलं तेव्हा लोकांना ‘हे पुन्हा घडणार नाही’ असं वाटतं अशी अट घातली होती. लोक कायमस्वरूपी काय मानतात, यावर खर्च अवलंबून. आणि पुढच्या गव्हर्नरला आजच्या वचनाने बांधता येत नाही.

निवांत

म्हणजे दोन्हींतला फरक कपाटात नसून लोकांच्या डोक्यात आहे?

लेखापाल_७

असो. डोक्यातल्या मालमत्तेवरही माझी सही मिळणार नाही.