गेलेलं माणूस स्वप्नात 'चल' म्हणालं, तर?

पल्लवी_लालबाग: आत्या जाऊन चार महिने झाले. परवा पहाटे स्वप्नात ती चाळीच्या गॅलरीत पिशवी घेऊन उभी. म्हणाली, "चल गं, दादरला कोकणकन्या पकडायचीय." मी चपला घातल्या आणि दचकून जागी झाले. शेजारच्या काकू म्हणतात, सोबत निघालेलं माणूस टिकत नाही. तेव्हापासून झोपायचीच भीती वाटते. काय करू?

शिरीष_गिरगाव: पहाटेचं स्वप्न खरं होतं, हे आमच्याकडे आजोबांपासून ऐकत आलोय. आत्याची काही इच्छा राहिली असेल. बाणगंगेवर पिंडदान करून घ्या, कावळा शिवला की मन निवेल. आणि पुन्हा हाक आली तर ओ देऊ नका.

तन्मय_मुलुंड: काका, आधीच घाबरलेल्या मुलीला अजून घाबरवताय. स्वप्नाला काही अर्थ नसतो. पल्लवी, सरळ दुर्लक्ष कर.

वासंती_परळ: तन्मय, छातीत धडधडत उठलेल्या माणसाला "दुर्लक्ष कर" म्हणून झोप लागत नाही. मी बरीच वर्षं मानसोपचार विभागात समुपदेशन केलं, तिथे हे स्वप्न नेहमी ऐकलं. बहुतेक सगळे आपलं माणूस गेल्याच्या दुःखात होते.

शिरीषभाऊ, पहाटेचं स्वप्न ठळक असतं हे तुमचं बरोबर. स्वप्नांची झोप रात्रभर अधूनमधून येते, पण उत्तररात्री ती लांबत जाते. तिच्यातूनच दचकून उठलं की सगळं जसंच्या तसं आठवतं. त्यात पुढचं भविष्य नसतं. आणि असं स्वप्न पडूनही धडधाकट असलेल्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, गेलेल्या एकाचीच चाळभर होते.

पल्लवी, एक कर. दिवसा, उजेडात, स्वप्न वहीत लिही. मग त्यात तुला हवा तो बदल कर आणि नवी गोष्ट पुन्हा लिही. रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून फक्त नवीच गोष्ट बघ, जुनी उगाळू नकोस. झोपायच्या तोंडावर हे करू नकोस. काही आठवडे लागतात. पहिल्या दोन रात्रींत फरक पडला नाही म्हणून सोडू नकोस.

रजनी_बोरिवली: माझे यजमान गेल्यापासून एकदाही स्वप्नात आले नाहीत. मी फोटोसमोर बसून बोलावते तरी नाही. पल्लवी, तुझी आत्या आली, तुला भीती कसली गं? मला तर हेवा वाटतो.

पल्लवी_लालबाग: रजनीकाकू, आत्या दिसली याची भीती नाही. मी चपला घातल्या याची आहे.

शिरीष_गिरगाव: वासंतीताई, गोष्ट बदलायची म्हणजे आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं. मेल्यावरही तिचं ऐकायचं नाही?

वासंती_परळ: तिला हाकलायला कोणी सांगितलं? बदल काय करायचा ते पल्लवीनं ठरवायचं. पिंडदानालाही माझी ना नाही. त्यानं कितीतरी जणांचं मन हलकं झालेलं मी पाहिलंय. पण "ओ देऊ नका" हे मात्र घातक आहे, कारण मग माणूस झोपेतही पहाऱ्यावर बसतो.

पल्लवी_लालबाग: मी लिहिलं. आत्याला म्हणाले, "तू हो पुढे, मी पुढच्या गाडीनं येते."

वासंती_परळ: हे वाचून पोटात काय होतं?

पल्लवी_लालबाग: गोळाच येतो. पुढची गाडी कधी लागेल, असं वाटत राहतं.

वासंती_परळ: मग स्टेशनच काढून टाक.

पल्लवी_लालबाग: आता असं आहे: आत्या पिशवी खाली ठेवते. आत मेथीची जुडी आहे. आम्ही गॅलरीत बसून निवडतो. ती नेहमीसारखी ओरडते, "देठं किती ठेवतेस!" हे बघताना रडू आलं, पण भीती नाही वाटली.

वासंती_परळ: हीच ठेव. आता दोन प्रश्न. नवीन गोळी सुरू आहे का? आणि जागेपणी कधी आत्याकडे जावंसं, जगू नये असं वाटतं का?

पल्लवी_लालबाग: तसं अजिबात वाटत नाही. गोळी आहे, अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल, गेल्या महिन्यापासून.

वासंती_परळ: त्या गोळीनं काहींना फार स्पष्ट, भीतिदायक स्वप्नं पडतात. तुझ्याबाबतीत तेच कारण आहे, असं इथून म्हणता येणार नाही. डॉक्टरांना सांग, पण मनानं एकदम बंद करू नकोस, ते धोक्याचं असतं. आणि इथे वाचणाऱ्या कोणालाही जागेपणी जावंसं वाटत असेल, तर ते स्वप्नाचं प्रकरण नाही. त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि १४४१६ वर फोन करा. टेली-मानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीतही बोलतात.

तन्मय_मुलुंड: गोळीचं माहीत नव्हतं. पण पिंडदानाला मान दिला की भीतीही खरी मानली जाते, हे माझं मत कायम आहे.

शिरीष_गिरगाव: आणि हाकेला ओ द्यायची नाही, हे माझं. पल्लवी, बाणगंगेला जायचं ठरलं तर कळव, ओळखीचे गुरुजी आहेत.

पल्लवी_लालबाग: आतेभावाला विचारते काका. श्राद्ध त्यानंच करायचंय. डॉक्टरांकडे शनिवारी जातेय.